बाळंतिणीसाठी सामानाची यादी: नक्की काय आणू आणि किती?

नवखा_बाबा

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला असतो. बायकोचं सिझेरियन झालं, मुलगी झाली, आज तेरावा दिवस. दोघी घरी आहेत. सासूबाई गावाहून आल्या आहेत आणि सगळं मनापासून करताहेत, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते तक्रार म्हणून वाचू नका.

सासूबाईंनी सामानाची यादी दिली आहे: डिंक १ किलो, खारीक २ किलो, सुकं खोबरं २ किलो, साजूक तूप ३ किलो, गूळ ३ किलो, बदाम १ किलो, काजू १ किलो, अळीव अर्धा किलो, मेथ्या अर्धा किलो, खसखस पाव किलो, शतावरी कल्पाचे ४ डबे, बाळंतशोपा, ओवा, सुंठ. शेजारच्या वहिनींनी बाळंतिणीसाठीच्या प्रोटीन पावडरचे २ डबे सांगितले. दुकानदाराने हिशोब केला तर साडेआठ हजारांच्या वर गेला. पैशाचं नंतर बघू, पण हे सगळं खाऊन काय होणार तेच मला कळत नाही.

कारण सध्या असं चाललंय: बायको दिवसाला चार डिंकाचे लाडू खाते, मग तिला जेवणच जात नाही. वरण बंद आहे (बाळाला गॅस होतो), फळं बंद (सर्दी होते), पाणी मोजून. पोट साफ होत नाही, आणि कुंथलं की टाके ओढतात म्हणून रडते. त्यात सासूबाईंना वाटतं दूध पुरत नाही, म्हणून त्या आणखी एक लाडू पुढे करतात. दोघी शाकाहारी आहेत, म्हणजे बायको अंडं खाते, पण सासूबाई असेपर्यंत ते घरात आणायची माझी हिंमत नाही.

यादीतलं काय आणू, काय गाळू?

---

मोगरा

अभिनंदन रे बाळा. लक्ष्मी आली घरात. सासूबाईंची यादी अगदी बरोबर आहे, काही गाळू नकोस. माझ्या दोन्ही सुनांची बाळंतपणं मीच काढली. डिंकाने कंबर भरून येते, अळिवाने आणि मेथीने दूध येतं. वरण मात्र सव्वा महिना नकोच. तूर वातूळ, आईने खाल्ली की बाळाचं पोट फुगणार. कोबी, वाटाणा, बटाटा, हरभऱ्याची डाळ तर लांबच ठेव. भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी, भरपूर तूप आणि जेवणानंतर ओवा-बाळंतशोपा. पाणी उकळून कोमट दे.

---

पाऊलवाट

माझा अनुभव सांगते. नाचणी सत्त्व घरीच करा, विकतचं आणू नका. नाचणी भिजवून मोड आणायचे, वाटून फडक्यातून गाळायची, खाली बसलेला साका उन्हात वाळवायचा. एक चमचा दुधात शिजवून सकाळ-संध्याकाळ भरवा. आमच्या पिल्लाचं वजन महिन्यात छान वाढलं. थोडं खडीसाखरेचं पाणी किंवा मध चाटवला तरी चालतो.

---

ओंजळ

@पाऊलवाट, धागा आईच्या खाण्याचा आहे. तेरा दिवसांच्या बाळाला यातलं काही म्हणजे काहीच द्यायचं नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यात कधी कधी जिवाणूंचे बीजाणू असतात, ते एवढ्या लहान आतड्यात वाढतात आणि त्यांच्या विषाने बाळ लुळं पडू शकतं. तुमचं नाचणी सत्त्व सहा महिन्यांनंतर उत्तम.

@नवखा_बाबा, मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात प्रसूतिविभागात अठरा वर्षं काम केलं. यादीवर येते, पण आधी चार गोष्टी सांगा. बाळाचं जन्माचं वजन, घरी सोडतानाचं वजन आणि आजचं वजन. चोवीस तासांत किती वेळा पाजतात. शूचे लंगोट किती होतात. आणि एक लाडू काट्यावर ठेवून त्याचं वजन.

---

पाऊलवाट

अरे देवा, मी "बाळासाठी" वाचलं. सॉरी. मधाचं खरंच माहीत नव्हतं, आमच्याकडे सर्रास चाटवतात.

---

नवखा_बाबा

@ओंजळ ताई, जन्माला २.८५० किलो. चौथ्या दिवशी सोडलं तेव्हा २.६४०. आज सकाळीच दाखवून आणलं, २.८२० भरलं. पाजणं दिवसा तीन-तीन तासांनी, रात्री सासूबाई म्हणतात तिला झोपू दे, म्हणून दोनदाच. एकूण सात वेळा. ओले लंगोट काल मोजले, सात. शी पिवळी, चार वेळा.

लाडू ५८ ग्रॅमचा निघाला!

---

ओंजळ

आता बोलता येईल.

आधी दुधाचं, कारण घरातली सगळी खरेदी त्याच भीतीपोटी चालली आहे. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन उतरतंच. तुमचं सात टक्क्यांच्या आसपास उतरलं, ते नेहमीचं आहे. त्यानंतर नऊ दिवसांत १८० ग्रॅम वाढलं, म्हणजे दिवसाला वीस ग्रॅम. या वयात आम्ही दिवसाला वीस ते तीस ग्रॅम धरतो. म्हणजे मुलगी काठावर आहे, पण चुकीच्या बाजूला नाही. सात ओले लंगोट आणि पिवळी शी म्हणजे दूध पोटात जातंय. ते वाढवायचं तर लाडवाने नाही, पाजण्याच्या खेपांनी वाढेल. छाती जितकी रिकामी होते तितकं पुढचं दूध तयार होतं. सातच्या जागी नऊ-दहा वेळा पाजा, रात्रीचं पाजणं चुकवू नका, आणि एकदा कुणी जाणत्या बाईकडून बाळ नीट पकडतंय का ते बघून घ्या. आठवड्याने त्याच काट्यावर वजन करा. वेगवेगळ्या काट्यांवर पन्नास ग्रॅमचा फरक सहज येतो आणि घरात रडारड होते.

आता लाडू. ५८ ग्रॅमचा एक म्हणजे अंदाजे पावणेतीनशे कॅलरी. चार लाडू म्हणजे अकराशेच्या आसपास. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा सुमारे सहाशे कॅलरी जास्त लागतात. तुमच्या बायकोने जवळजवळ दुप्पट घेतल्या, आणि त्या तूप-गुळातून. मग जेवणाला जागा उरणार कुठे? पण प्रथिनांचं बघा. तेही दिवसाला सुमारे सतरा ग्रॅम जास्त लागतात. चार लाडवांतून जेमतेम बारा मिळतात, आणि वरण बंद केल्यामुळे रोजचे होते तेही गेले. म्हणजे पोट भरलेलं आणि बाई उपाशी. पोट साफ न होण्याचं कारणही इथेच आहे: भाजी-फळाचा चोथा नाही, पाणी मोजून, वरून तूप आणि लोहाच्या गोळ्या.

लाडू बंद करा असं मी म्हणत नाही. पस्तीस ग्रॅमचे वळा, दोन द्या, आणि जेवणाआधी कधीच देऊ नका. चार वाजता एक, रात्रीच्या पाजण्याला एक.

---

मोगरा

अगं पण वरणाचं काय? गॅस तर होतोच. मी डोळ्यांनी बघितलंय.

---

ओंजळ

मोगराताई, तुम्ही अर्ध्या बरोबर आहात आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. सिझेरियननंतर पहिले काही दिवस आतडी सुस्त असतात, तेव्हा हरभऱ्याची डाळ, वाटाणा, कोबी खाल्लं तर आईचंच पोट फुगतं आणि टाके ताणतात. त्यासाठी ते लांब ठेवणं शहाणपणाचं. पण आईच्या आतड्यातला वारा दुधात उतरत नाही. डाळ पचून तिचे जे बारीक घटक रक्तात जातात त्यांपासून दूध बनतं, गॅस तिथेच राहतो आणि तिथूनच बाहेर पडतो. लसणासारखा वास मात्र दुधात उतरतो, पण बाळं त्याने नाराज होत नाहीत. तीन आठवड्यांनंतर बरीच बाळं संध्याकाळी कळवळून रडतात. आईने त्या दिवशी नुसता भात खाल्ला असला तरी रडतात. दोष मात्र दुपारच्या वरणाला जातो.

आणि बघा ना, शेपूची भाजी तुम्हीच सांगितलीत. तुमच्याकडे ती कशी करतात?

---

मोगरा

मूगडाळ घालून. भिजवलेली.

बरं, कळलं तुला काय म्हणायचंय ते. मुगाचं वरण सुरू करा म्हणते मग. तूर मात्र मी सव्वा महिन्यानेच देईन.

---

दुकानातली

माझं माहेर सांगलीत, वडिलांचं किराणा-सुकामेव्याचं दुकान, लहानपणापासून गल्ल्यावर बसलेय. खाण्याचं ओंजळताई सांगतीलच, मी घेण्याचं सांगते, कारण बाळंतिणीच्या यादीत माणूस भाव करत नाही आणि तपासतही नाही.

सगळ्यात आधी डिंक. लाडवाचा डिंक आणि कतीरा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नुसतं "गोंद द्या" म्हटलं की कधी कधी कतीरा हातात पडतो. कतीरा फिकट, मळकट, पापुद्र्यांसारखा दिसतो. रात्री पाण्यात टाकला तर चमचाभराचा वाटीभर होतो. तुपात टाकला तर फुलत नाही, चिवट होऊन करपतो. लाडवाचा डिंक खड्यांचा असतो, काचेसारखा, पिवळसर ते तांबूस. घरी आणल्यावर दोनच खडे तळून बघा. तूप मध्यम तापलेलं हवं. खडा लाहीसारखा पांढरा फुलला आणि वाटीच्या बुडाने दाबल्यावर भुगा झाला तर माल चांगला. बाहेरून फुलला आणि आत गाठ राहिली तर खडे मोठे आहेत. उन्हात वाळवून ज्वारीएवढे कुटून घ्या, थोडे थोडे तळा. ती कच्ची गाठच दाताला चिकटते आणि पोटात जड पडते.

खारीक अख्खी घ्या, पूड नको. पुडीत काय काय दळलंय ते कुणालाच कळत नाही. खारीक घरी उभी फोडा, बी काढा आणि आतून बघा. काळी बुरशी किंवा जाळी दिसली तर ती फेकायची, धुऊन वापरायची नाही. खोबऱ्याची वाटी मोडून मोडलेल्या कडेचा वास घ्या. खवट खोबऱ्याला तो वास तिथेच येतो, वरून येत नाही.

आणि दोन-दोन किलो कशाला? खोबरं, काजू, बदाम घरात दोन महिने पडले की खवट होतात. एका खेपेला डिंक १०० ग्रॅम, खारीक, खोबरं, गूळ आणि तूप पाव-पाव किलो, बदाम १०० ग्रॅम. ओंजळताईंच्या पस्तीस ग्रॅमच्या मापाने तीस-बत्तीस लाडू होतात. रोज दोन म्हणजे पंधरवडा निघतो. संपले की पुन्हा ताजे करायचे. काजू आणि खसखस यादीतून काढली तरी लाडू उणा होत नाही, बिल मात्र चांगलंच खाली येतं.

---

रानजाई

माझी गोष्ट सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. माझ्या मुलाला दीड महिन्याचा असताना शीमध्ये शेंबडासारखं आणि रक्ताचे धागे दिसायला लागले. मी तेव्हा "दुधाने दूध वाढतं" म्हणून रोज लिटरभर दूध पीत होते, वर खीर, पनीर. दोन ठिकाणी "होतं असं" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या डॉक्टरांनी मला दूध, दही, ताक, पनीर सगळं बंद करायला सांगितलं. तूपसुद्धा. दहा-बारा दिवसांत शी सुधारली. चार आठवड्यांनी त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा दूध प्यायले, तिसऱ्या दिवशी परत रक्त. मग वर्षभर दूध बंद.

म्हणून सांगते, नवखा_बाबा, आत्ताच दूध बंद करा. मी आधीच केलं असतं तर पोराचे हाल वाचले असते.

---

ओंजळ

@रानजाई, तुम्हाला जे भोगावं लागलं ते वाईटच, आणि तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांनी अगदी नीट केलं. मुख्य म्हणजे चार आठवड्यांनी पुन्हा देऊन खात्री केली. बऱ्याच घरांत ते होत नाही आणि आई वर्षभर विनाकारण दूध सोडून बसते.

पण हे आधीपासून म्हणून करायचं नाही. शीत रक्त किंवा शेंबूड, अंगावर खूप चट्टे, वजन न वाढणं, यांपैकी काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि त्यांच्या देखरेखीत दूध बंद करून बघायचं. यांच्या मुलीची शी पिवळी, साफ आहे. घरात अंडं-मासे नाहीत. दूध-दहीही काढून घेतलं तर प्रथिनं, कॅल्शियम आणि बी-१२, तिन्हींचा मुख्य मार्ग बंद होतो. शाकाहारी आईत बी-१२ कमी असेल तर दुधातही कमी उतरतं आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला ते लागतं. खरं तर शाकाहारी घरात मी बी-१२ची रक्ततपासणीच सुचवते.

"दुधाने दूध वाढतं" हे मात्र खरं नाही. अर्धा लिटर पुरे, त्यातलं अर्धं दह्याच्या रूपात.

---

रानजाई

पटलं. तेव्हाची भीती अजून गेली नाही माझी. एक विचारू? दूध बंद होतं तेव्हा मी नाचणी आणि तिळावर दिवस काढले. ते पुरेसं होतं का?

---

ओंजळ

नाचणी शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देते, म्हणजे दोन चांगल्या भाकऱ्यांत तेवढं. पाजणाऱ्या आईला दिवसाला हजार-बाराशे लागतं. तीळ चमचा-दोन चमचेच खाल्ले जातात. तेव्हा गोळी घेत होतात का, यावर उत्तर अवलंबून आहे.

---

रानजाई

घेत होते, पण कधी कधी विसरायचे.

---

खाडीकाठ

आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्याकडे बाळंतिणीला मुशी देतात, कुणी मोरी म्हणतात. आजी सांगायची की मुशीच्या सुक्क्याने दुधाचे पाट वाहतात. बायको सातव्या महिन्यात आहे, आईने कोळणीला आतापासून सांगून ठेवलंय. शाकाहारी धाग्यात विचारतोय, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

---

ओंजळ

मुशी म्हणजे शार्कच. हे मासे इतर मासे खाऊन वाढतात आणि बरीच वर्षं जगतात, त्यामुळे समुद्रातला पारा त्यांच्या अंगात साठत जातो. तो आईच्या रक्तातून गर्भात जातो, थोडा दुधातही येतो आणि वाढत्या मेंदूला त्रासदायक असतो. म्हणून गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना शार्क टाळायला सांगतात. हे सातव्या महिन्यात आत्ताही लागू आहे. मोठ्या सुरमईच्या तुकड्यांपेक्षाही छोटे मासे बरे. तारली, बांगडा, मांदेली, पेडवे आणा. प्रथिनं तितकीच, चांगली चरबी जास्त, मांदेली काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही, आणि पैसे कमी.

---

खाडीकाठ

तारली-बांगडा चालेल, तो रोजचाच आहे. पण आमच्याकडे येते ती हातभर लांबीची पिल्लं असतात हो, मोठा शार्क नव्हे. एवढ्याशा माशात किती पारा असणार? आणि पिढ्यान् पिढ्या खाल्ली आहे.

---

ओंजळ

लहान माशात कमी साठलेला असतो, हा तुमचा मुद्दा खरा. पण बाजारात तुकडे करून मिळते तेव्हा ती केवढ्या मुशीची हे कळत नाही, आणि त्यात जे आहे ते सगळं बांगड्यात मिळतं. मी तरी घेणार नाही.

---

खाडीकाठ

आईला कसं सांगायचं ते बघतो. कोळणीला पेडव्यांचं सांगून ठेवतो. मुशी एकदा तरी होणारच आमच्याकडे, खोटं कशाला बोलू.

---

नवखा_बाबा

@ओंजळ ताई, आता शतावरी कल्प, प्रोटीन पावडर, अळीव आणि मेथ्या एवढं राहिलं. आणि रोजच्या भाजी-बाजाराचं सांगाल का? म्हणजे पिशवी घेऊन निघालो तर काय आणू?

---

ओंजळ

कल्पाच्या डब्याच्या मागे दहा ग्रॅममध्ये काय किती ते छापलेलं असतं, दुकानातच वाचा. बहुतेक डब्यांत साखरच जास्त असते. शतावरीने दूध वाढतं असं सांगणारे अभ्यास थोडे आणि छोटे आहेत. बायकोला चव आवडत असेल तर एक डबा आणा, चार नकोत. प्रोटीन पावडरचंही तेच. मागच्या बाजूला घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या दोनांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर डबा खाली ठेवा. मग एका मापात प्रथिनं किती ते बघा. माझ्यासमोर आलेल्या कित्येक डब्यांत ती सहा-सात ग्रॅम होती. एका ग्लास दुधात किंवा मूठभर फुटाण्यांत तेवढीच मिळतात.

अळीव जरूर आणा, पण पाव किलो पुरे. चमचाभर भिजवून नारळ-गुळाच्या लाडवात किंवा खिरीत. दुधातल्या खिरीत त्यातलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून खिरीवर लोहाची भिस्त ठेवू नका. मेथ्या भाजीत, लाडवात चिमूटभर चालतात. मूठमूठ मेथ्या किंवा मेथीच्या गोळ्या दूध वाढवायला म्हणून घेऊ नयेत. त्याने साखर उतरते, कुणाकुणाला जुलाब होतात, बाळाचंही पोट बिघडतं.

बाजाराच्या पिशवीबद्दल. आठवड्याला तिच्या एकटीसाठी वेगळी मूगडाळ-मसूरडाळ मिळून अर्धा किलो, शेंगदाणे पाव किलो, फुटाणे पाव किलो, नाचणीचं पीठ अर्धा किलो. पालेभाज्यांच्या पाच-सहा जुड्या, शेपू, मेथी, पालक, लाल माठ जे ताजं असेल ते. दुधी, दोडका, गाजर. एक डझन लिंबं. फळ हंगामातलं, स्वस्त. आत्ता पेरू मिळतोय, पपई पिकलेली आणा, केळी आणा. पेरू आणि लिंबामुळे भाजी-डाळीतलं लोह अंगी लागतं, आणि पेरू-पपईने तिचं पोट सुटेल. फळाने आईला सर्दी होत नाही आणि दुधातून बाळालाही जात नाही.

दिवसभरात वाढीव काय, तर दोन्ही जेवणांत एक-एक मोठी वाटी घट्ट वरण, एक ग्लास दूध आणि मूठभर शेंगदाणे. इतक्याने तुमचे सतरा ग्रॅम पुरे होतात आणि वर थोडं उरतं.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच यादीत नसते. रात्री दोनला बाई पाजायला उठते तेव्हा तिचा एकच हात मोकळा असतो आणि भूक सपाटून लागलेली असते. उशाशी एक झाकणाचा डबा ठेवा, त्यात फुटाणे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, आणि पाण्याचं तांब्या-भांडं. पाजायला बसली की तहान लागतेच, तेव्हा हवं तेवढं पिऊ दे. मोजूनही नको आणि जबरदस्तीनेही नको.

गोळ्या चालू आहेत ना? सरकारी दवाखान्यातूनही प्रसूतीनंतर १८० दिवस लोहाची आणि सहा महिने कॅल्शियमची मिळते. दोन्ही एकत्र घेऊ नका, निदान दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी दूध-चहाबरोबर नको. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम.

---

नवखा_बाबा

दोन्ही गोळ्या रात्री जेवणानंतर दुधाबरोबर चालू होत्या! आजपासून बदलतो.

आणि @दुकानातली ताई, मी आणलेला अर्धा किलो "डिंक" तुम्ही सांगितला तसा दोन खडे टाकून बघितला. फुलला नाही. रात्री पाण्यात टाकला, सकाळी वाटीभर जेली. सासूबाईंनी आधीचे लाडू गावाहून आणलेल्या डिंकाचे केले होते म्हणून कळलं नव्हतं. दुकानदाराने न बोलता बदलून दिला.

---

दुकानातली

बरं झालं. कतीरा वाईट नाही, उन्हाळ्यात सरबतात घालतात, पण बाळंतिणीच्या लाडवात त्याचं काम नाही.

---

नवखा_बाबा

आठवड्यानंतरची खबर. त्याच काट्यावर मुलगी ३.०१० भरली. सात दिवसांत १९० ग्रॅम! पाजणं आता नऊ-दहा वेळा होतंय. पकडीचं दवाखान्यातल्या सिस्टरनी दाखवलं. बाळ फक्त टोक धरत होतं, खालचा ओठ आत मुडपलेला. आता तोंड मोठं उघडलं की मगच लावते.

बायकोचं पोट तिसऱ्या दिवशी सुटलं. पपई आणि दुपारचं मुगाचं वरण. सासूबाईंनी वरणाला हिंग-ओव्याची फोडणी दिली, म्हणाल्या मग माझी हरकत नाही. लाडू छोटे वळले. डिंक, खारीक, खोबरं दुकानातली ताईंच्या मापाने आणलं, काजू-खसखस-पावडर आणलीच नाही. कल्पाचा एक डबा आला, तो सासूबाईंच्या समाधानासाठी.

दही आणि केळ्यावर मात्र अजून एकमत नाही. दही दुपारी, केळं मी ऑफिसला जायच्या आधी तिच्या हातात देतो. अंड्याचा विषय सासूबाई गावी गेल्यावर काढीन. बी-१२ची तपासणी उद्या आहे.

---

मोगरा

केळं दुपारच्या आत दे, संध्याकाळी नको. आणि सासूबाईंना म्हणावं, हिंग-ओव्याची फोडणी ही मोगराचीही पद्धत आहे. बी-१२चं काय येतं ते इथे लिही, माझ्या धाकट्या सुनेचं करून घ्यायचंय.